जुन्या सज्ज्याची कडी मुळाशी कुजली तर: भिंत न पाडता जोडकडी कशी घालावी

पुणे, नाशिक, वाई इथल्या पेठांमधल्या जुन्या घरांचे लाकडी सज्जे दोन तऱ्हांनी तोललेले असतात. काही ठिकाणी खोलीच्या कडीपाटाच्या कड्याच भिंतीतून थेट रस्त्यावर तीन फूट बाहेर येतात. काही ठिकाणी कड्या फक्त भिंतीच्या जाडीत रोवलेल्या असतात आणि खालून आधाराला नक्षीदार घोडे, म्हणजे भिंतीतून निघालेले तिरपे टेके, दिलेले असतात. आपला सज्जा यातला कोणता, हे कळल्याशिवाय सुताराला बोलावू नये. खालच्या खोलीत जाऊन छत पाहिले की समजते: बाहेरच्या कडीच्या रेषेतच आत कडी असेल, तर पहिली तऱ्हा.

घोड्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. घोड्याचे डोके आणि कडीचे बूड यांच्यामधून हॅक्सॉचे पाते सरकवून पाहा. पाते आरपार गेले तर तो घोडा नुसता शोभेचा आहे. तो उचलून धरतो आहे असे समजून कड्यांची तपासणी टाळली जाते, आणि सज्जा खाली येतो तो अशाच घरांत.

तपासणी

कडी कुजते ती भिंतीच्या तोंडाशी, आणि वरच्या अंगाने. फरशीच्या सांध्यांतून मुरलेले पाणी फळ्यांखाली कडीच्या पाठीवर साचते. रस्त्यावरून पाहिले तर कडीचे बूड सागाच्या रंगात ठणठणीत दिसते. म्हणून खालून टोच्या मारून काही कळत नाही. ५ मिलिमीटरचे ड्रिल भिंतीपासून दोन बोटांवर, कडीच्या बाजूने, वरच्या काठाजवळ लावा. कोरडा, सागाचा वास असलेला भुसा आला तर लाकूड जिवंत आहे. चॉकलेटी, ओलसर पीठ आले, किंवा ड्रिल एकदम आत घुसले, तर कडी गेली.

वरचे अंग इतके महत्त्वाचे का, ते एकदा नीट समजून घ्यावे. बाहेर आलेल्या कडीत वरचे तंतू ताणले जातात आणि खालचे दाबले जातात, आणि हा ताण सगळ्यात जास्त असतो तो नेमका भिंतीच्या तोंडाशी. शिवाय ताकद उंचीच्या वर्गाने घटते. पाच इंच उंचीच्या कडीतले वरचे अडीच इंच कुजले, तर ताकद अर्धी उरत नाही, चौथाई उरते. कुजलेल्या जागी इपॉक्सी भरून वर पॉलिश मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ती दुरुस्ती नव्हे, रंगकाम आहे. भिंतीच्या तोंडाशी भरलेला लगदा त्या ताणाला पुरत नाही, मागच्या लाकडापासून सुटून येतो.

किती जोर येतो

एक नेहमीचा सज्जा घेऊ: लांबी १२ फूट, बाहेर ३ फूट, दीड-दीड फुटावर ४ बाय ५ इंचाच्या नऊ सागवानी कड्या, भिंत दीड फूट जाडीची विटांची. फळ्यांवर चार इंच माती-चुना आणि वर शहाबादी. यात माणसांचे वजन धरले की एका कडीवर सुमारे २२० किलो येतात, आणि ते साधारण दीड फुटावर एकवटले आहेत असे धरता येते. कडीचे शेपूट खोलीत सहा फूट आत गेलेले असेल, तर ते उचकटायला पाहते ५५ किलोच्या जोराने. एवढा जोर वरची जमीनच सहज दाबून धरते. पण कडी फक्त भिंतीत रोवलेली असेल, तर तरफेचा आतला हात जेमतेम फुटाचा, आणि जोर होतो ३३० किलो. तो दाबायला त्या कडीवर निदान तीन-साडेतीन फूट उंचीची भिंत हवी. सज्ज्यात उघडणाऱ्या दाराखालच्या कड्यांवर भिंतच नसते, हे विसरू नये. वरचा मजला उतरवून पत्रे टाकलेल्या घरांत तर सगळ्याच कड्यांच्या डोक्यावरचे वजन गेलेले असते.

यावरून निघणारा नियम एकच: जोडकडी, म्हणजे जुन्या कडीला लागून घालायची नवी कडी, बाहेर जितकी, त्याच्या दुप्पट आत गेली पाहिजे. तीन फूट बाहेर असेल तर भिंतीच्या बाहेरच्या तोंडापासून सहा फूट आत, म्हणजे नऊ फुटांचा अखंड तुकडा. भिंतीच्या तोंडाशी जुन्या कडीला जोड देऊन काम भागवणारा सुतार कितीही नावाजलेला असो, त्याला परत पाठवा.

टेकू

परवानगी, रस्त्याचा पहारा, कठड्याला दोर बांधणे, फरशी-माती उतरवून सज्जा हलका करणे हे सगळे आधी उरकावे. लोखंडी टेकू सज्ज्याच्या बाहेरच्या कडेपासून अर्धा फूट आत, खाली लांब ओंडका आणि वर आडवी फळी देऊन लावा. ओंडक्याखाली गटाराचे चेंबर येत नाही ना, एवढे पाहा. टेकू कडक बसला की थांबायचे. वर्षानुवर्षे खाली झुकलेला सज्जा जॅकने सरळ करायला गेलात, तर कडीची वाकण्याची दिशाच उलटते आणि वरच्या भिंतीला तडे जातात.

जोडकडी भिंतीतून ओवणे

बहुतेक कामे बिघडतात ती इथे. कडी खालच्या खोलीच्या छताच्या उंचीवर असते, तिच्यावर आत फळ्या आणि मध्ये भिंत. नऊ फुटांचा तुकडा वरून ठेवता येत नाही, आणि गल्ली आठ-दहा फुटांची असल्याने रस्त्यावरूनही सरळ सारता येत नाही. तो खालच्या खोलीतून, मागचे टोक खाली आणि पुढचे वर असा तिरपा ओवावा लागतो.

त्यासाठी जुन्या कडीला लागूनच भिंतीत भोक घ्यायचे. रुंदी पाच इंच, उंची नऊ इंच. जास्तीचे चार इंच खालून घ्यायचे, वरून कधीही नाही. गवंड्याला वरून फोडणे सोपे पडते, कारण हातोडा तिथे नीट चालतो. पण वरच्या विटा हलल्या की नंतर त्या कडीवर बसत नाहीत, कडीच्या पाठीवर फट राहते आणि शेपटावरचे वजन गेलेले असते. खालची पोकळी मात्र भरून काढता येते. भोक छिन्नीने हळूहळू पाडावे. ब्रेकर मशीन लावले तर मातीच्या सांध्यांची जुनी भिंत आतून ढिली होते, आणि ते बाहेरून दिसतही नाही. एका वेळी एकच भोक. शेजारची कडी करायची असेल तर पहिलीचा चुना धरल्यावर.

सज्ज्यावरच्या फळ्या काढलेल्या असल्या म्हणजे कडीचे पुढचे टोक वर निघायला जागा मिळते. कडी पूर्ण बाहेर सरकली की आतले टोक वर उचलून फळ्यांना भिडवा. आता भोकात कडीखाली चार इंच मोकळे राहिलेले असते. इथे बहुतेक जण विटेचे तुकडे आणि सिमेंट कोंबतात. तसे करू नका. भिंतीच्या बाहेरच्या तोंडापासून दोन इंच आत एक घडीव दगडी पाट बसवा, कारण सगळा भार इथेच टेकतो. पाट आणि कडी यांच्यातली शेवटची फट शहाबादीच्या चिपा दोन बाजूंनी समोरासमोर ठोकून भरा. चीप ठोकल्याचा आवाज बदलून टणक झाला की पुरे. लोखंडी पाचर वापरू नये, गंजून फुगते आणि दगड उचलते. चिपा बसल्यावर उरलेली पोकळी चुना-सुरखीच्या घट्ट मालाने भरा. कडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर फट मोकळी ठेवा. कडीला चोहोबाजूंनी माल थापणे म्हणजे तिला ओल्या फडक्यात गुंडाळणे. जुनी कडी जाण्याचे तेही एक कारण असते.

मग जुनी आणि नवी कडी जखडायची. १२ मिलिमीटरचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, मोठे वॉशर: दोन शेपटाशी, एक आतल्या भिंतीलगत, दोन बाहेर. सगळी छिद्रे कडीच्या मध्यावर, आणि बाहेरची छिद्रे भिंतीपासून फुटाच्या आत नकोत. तिथे लाकूड कमी करणे म्हणजे कुजलेलीच जागा पुन्हा तयार करणे. जुन्या कडीचा कुजलेला भाग खरवडून काढा, पण बाहेरचे नक्षीदार नाक तसेच ठेवा. ते आता नव्या कडीच्या आधाराने राहते आणि रस्त्यावरून काही बदललेले दिसत नाही.

लाकूड शक्यतो वखारीतले, वाडा उतरवल्यावर निघालेले जुने सागवान घ्यावे. ते पुरते वाळलेले असते, नंतर पिळत नाही. त्यात जुन्या खाचा असतात. खाच भिंतीच्या तोंडाशी येणार असेल तर तुकडा उलटा फिरवा, नाहीतर दुसरा घ्या.

दगडी झरोका असेल तर

जैसलमेरसारख्या दगडी झरोक्यात तोलण्याचे गणित हेच, फक्त कडीऐवजी भिंतीत शेपूट गाडलेले दगडी घोडे असतात. दगड ताण सोसत नाही, त्यामुळे घोड्याच्या पाठीवर भिंतीलगत केसासारखा तडा दिसला तर तो चिकटवण्याच्या भानगडीत न पडता खाली टेकू लावून घोडा बदलावा. दगड जोडणाऱ्या जुन्या लोखंडी पट्ट्या गंजून दगड फोडतात. त्यांच्या जागी तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घालाव्यात.

टेकू काढणे

तीन आठवडे थांबा. मग सगळे टेकू एकाच दिवशी न काढता रोज अर्धा-अर्धा फेरा सोडा. सज्ज्याच्या कडेला दोरी ताणून खूण केलेली असावी. दोन-तीन मिलिमीटर बसला तर तो चिपांवर टेकला. सहाच्या पुढे गेला तर टेकू पुन्हा कसा आणि चिपा तपासा, एखादी नक्की फुटली आहे.

वरची जमीन पूर्वीइतकी जड करू नये. फळ्या, त्यावर दीड-दोन इंच चुना आणि पातळ शहाबादी पुरे. इथे स्लॅब ओतायचा विचार मनात आला असेल, तर पाच इंचांचा स्लॅब दर चौरस फुटाला सुमारे तीस किलो भरतो आणि त्याचे शेपूट धरायला विटांच्या भिंतीत काही नसते, हे लक्षात घ्या. उतार बाहेरच्या बाजूला, तीन फुटांत पाऊण इंच. भिंत आणि फरशी यांच्या कोपऱ्यात चुन्याची गोल पट्टी. कडीभोवतीच्या फटींना बाहेरून बारीक जाळी लावा म्हणजे कबुतरे शिरत नाहीत आणि वारा खेळता राहतो.