वडापाव, भजी आणि पाणीपुरी : गाडीवर उभे राहून कॅलरींचा अंदाज कसा बांधावा

बाहेरच्या खाण्याच्या कॅलरी सांगणारे तक्ते बहुतेक वेळा ‘एक नग’ किंवा ‘एक प्लेट’ या मापावर थांबतात, आणि नेमके तेच माप प्रत्येक गाडीवर वेगळे असते. म्हणून पदार्थाच्या नावापुढे लिहिलेला आकडा पाठ करण्यापेक्षा पदार्थ मनातल्या मनात सुटा करावा, प्रत्येक भागाचे वजन अंदाजावे आणि त्याला त्या भागाच्या दराने गुणावे. लक्षात ठेवायचे दर चारच आहेत. शंभर ग्रॅमला पाव 280, उकडलेला बटाटा 85, कोरडे बेसन 370 आणि तेल 900 कॅलरी देते. या चारांकडे एकदा नीट पाहिले, तर चूक कुठे महागात पडणार आहे हे आपोआप कळते. बटाटा दहा ग्रॅमने चुकला तर आठ-नऊ कॅलरींचा फरक पडतो आणि तेल तेवढेच चुकले तर नव्वद कॅलरींचा.

घरी स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल, तर आपल्या नेहमीच्या बेकरीतील लाडीपाव आणि नेहमीच्या गाडीवरचा एक वडा घरी आणून एकदा तोलून ठेवावा.

वडापाव

लाडीतला एक मध्यम पाव सुमारे 40 ग्रॅमचा असतो, म्हणजे 110 कॅलरी. वडा पाहताना मात्र डोळा फसतो. वड्याचा व्यास पाच सेंटीमीटर असेल तर वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास भरते. तोच व्यास सहा सेंटीमीटर झाला की वजन दीडपटीहून अधिक होते, कारण गोळ्याचे आकारमान व्यासाच्या घनाने वाढते. ‘थोडा मोठा वडा’ असे काही नसते. आपली तीन बोटे जोडून त्यांची रुंदी किती भरते ते घरी पट्टीवर मोजून घ्यावे, आणि गाडीवर वडा त्या बोटांशी ताडून पाहावा.

सत्तर ग्रॅमच्या वड्याचा हिशोब असा होतो : फोडणीसह बटाट्याचे सारण 50 कॅलरी, आवरणातले बारा ग्रॅम बेसन 45, आणि तळताना शोषलेले सात ग्रॅम तेल 63. बेरीज साधारण 160. त्यात पाव आणि चमचाभर सुकी लसूण-खोबऱ्याची चटणी (तिच्या 25 ते 30) मिळवली की आकडा तीनशेवर येतो. तक्त्यांमधला प्रसिद्ध ‘तीनशे’ हा असा एका विशिष्ट मापाच्या वडापावचा आकडा आहे. शंभर ग्रॅमचा वडा, पन्नास ग्रॅमचा पाव, वर पसरलेला मूठभर चुरा अशी मांडणी असेल तर तोच वडापाव साडेचारशेच्या घरात जातो, आणि पाव तव्यावर दहा ग्रॅम लोण्यात परतून दिला तर आणखी सत्तर वाढतात. चुऱ्याकडे विशेष लक्ष ठेवावे. तो फुकट मिळतो म्हणून हिशोबातून सुटतो. पण चुरा म्हणजे आत बटाटाही नसलेले, तेल प्यायलेले नुसते बेसन असते आणि दहा ग्रॅममागे पन्नासएक कॅलरी देते.

भजी, म्हणजेच तेलाचा प्रश्न

खरी अडचण येथे आहे, आणि मलाही सर्वांत जास्त झगडावे लागले ते इथेच. वडा आणि कांदाभजी एकाच कढईत, एकाच तेलात तळले जातात. तरीही शंभर ग्रॅम वड्यात दहा ग्रॅम तेल असते आणि शंभर ग्रॅम कुरकुरीत कांदाभजीत वीस ग्रॅमहून अधिक. हा फरक कशामुळे पडतो हे कळल्याशिवाय कोणत्याही तळलेल्या पदार्थाचा अंदाज बांधता येत नाही.

तळताना पिठातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. वाफ जोरात बाहेर येत असते तोपर्यंत तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. पदार्थ झाऱ्यावर आला, निवू लागला आणि आतली वाफ थंड झाली, की पोकळ्यांमधला दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणजे शोषलेले तेल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : किती पाणी निघून गेले, आणि वजनाच्या मानाने पृष्ठभाग किती आहे. वडा गोल असतो, त्याचे आवरण बटाट्याला झाकून टाकते आणि आतले पाणी आतच राहते. कांद्याच्या खेकडाभजीला पाकळ्या-पाकळ्यांची टोके फुटलेली असतात, मधली फट आणि फट तेलाला खुली असते आणि कुरकुरीतपणा येईपर्यंत कांद्याचे बरेचसे पाणी उडून गेलेले असते. बटाट्याच्या चकत्यांची भजी या दोहोंच्या मध्ये बसते.

यावरून नियम असा : पदार्थाचे नाव विचारू नये, त्याचा आकार पाहावा. गुळगुळीत, जाड आणि हाताला जड लागणारा तळलेला पदार्थ असेल तर वजनाच्या दहा ते बारा टक्के तेल धरावे. चपटा असेल तर पंधरा टक्के. फाटलेला, झिरमिळ्यांचा आणि आकाराच्या मानाने हलका असेल तर वीस ते पंचवीस टक्के. हातात हलकी लागणारी भजी पोटाला हलकी असते, हा समज नेमका उलटा आहे. ती हलकी झाली आहे ती पाणी जाऊन तेल आल्यामुळे.

हे टक्के केवळ माझ्या म्हणण्यावर घेऊ नयेत. घरी एक घाणा तळून पाहावा. कढई तेलासकट आधी तोलावी, सगळी भजी तळून झाल्यावर चाळणीत निथळलेले तेल परत कढईत ओतावे, आणि तेल पूर्ण निवल्यावरच कढई पुन्हा तोलावी. गरम तेलाची कढई काट्यावर ठेवण्याचा आगाऊपणा कृपया करू नये. काटा प्लास्टिकचा असतो आणि हात आपला असतो. दोन वजनांमधला फरक म्हणजे खर्च झालेले तेल. झाऱ्याला आणि ताटलीला लागून थोडे वाया जाते, त्यामुळे हा आकडा किंचित जास्तच येतो; आपल्या कामाला तो पुरतो.

एका घाण्याचा हिशोब पाहू. दोनशे ग्रॅम चिरलेला कांदा म्हणजे 80 कॅलरी. मीठ लावून त्याला सुटलेल्या पाण्यातच ऐंशी ग्रॅम बेसन आणि वीस ग्रॅम तांदळाचे पीठ भिजवले, त्याच्या सुमारे 370. तेल साठ ग्रॅमने कमी झाले, त्याच्या 540. एकूण 990 कॅलरी. आता भागायचे कशाने? बहुतेक जण कच्च्या मिश्रणाच्या वजनाने, म्हणजे तीनशे ग्रॅमने भागतात, आणि पुढचा सगळा हिशोब तिथेच बिघडतो. भागायचे ते तळून, निथळून झालेल्या भजीच्या वजनाने, कारण आपण खाणार आहोत ती तळलेली भजी. मिश्रण आणि तेल मिळून 360 ग्रॅम घातले होते, भजी भरली 270 ग्रॅम. नव्वद ग्रॅम पाणी उडाले. 990 भागिले 270 म्हणजे शंभर ग्रॅमला सुमारे 365 कॅलरी, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक एकट्या तेलाच्या. पिठात कडकडीत मोहन घातले असेल तर तेही तेलाच्या खात्यात वेगळे मिळवावे, कारण ते कढईच्या वजनात दिसत नाही.

गाडीवरची भजी याच्या वरच धरावी. अनेक ठिकाणी भजी सकाळी अर्धवट तळून परातीत रचून ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा तेलात सोडतात. दुसऱ्या तळणीत उरलेले पाणी जाते आणि पुन्हा निवताना पुन्हा तेल शिरते. पिठात सोडा जास्त पडला असेल तर जाळी अधिक सुटते आणि तेल अधिक राहते. परातीत अर्धवट तळलेला ढीग दिसला, तर मी शंभर ग्रॅमला सरळ चारशे धरतो.

आता कागदाने टिपण्याविषयी. भजी कागदावर दाबली की ‘अर्धे तेल निघून जाते’ हा सल्ला देणाऱ्याने टिपण्याआधी आणि नंतर भजी एकदाही तोललेली नसते. प्लेट आपल्या हातात येईपर्यंत तेल आत शिरून झालेले असते. कागदावर उतरते ते वरचे एक-दोन ग्रॅम. कागदावरचा मोठा डाग पाहून समाधान मानू नये, कारण तेलाचे चार थेंबही कागदावर हातभर पसरतात. आणि तो कागद वर्तमानपत्राचा असेल तर शाईचा वेगळाच प्रश्न आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच त्याविरुद्ध सूचना काढली होती.

वजनाचे काय, तर भजीच्या बाबतीत ते कधीकधी आयते मिळते. कित्येक दुकाने भजी तोलूनच देतात. ‘पाव किलो कांदाभजी’ घेतली की नऊशेहून अधिक कॅलरी पुड्यात आल्या, आता ती किती जणांत वाटायची ते आपण ठरवावे. सिंहगडावर किंवा घाटातल्या टपरीवर प्लेटच्या मापाने मिळते, तिथे मूठ वापरावी : माझ्या ओंजळीत मावेल तेवढी सैल भजी साधारण शंभर ग्रॅम भरते, तुमची ओंजळ तुम्ही तोलून पाहावी.

पाणीपुरी

ही सोपी आहे. एक पुरी सुमारे पाच ग्रॅम, तळलेली असल्यामुळे 25 कॅलरी. आतला रगडा किंवा बटाटा 10. गोड चटणी 5 ते 8. तिखट पाण्याचे शून्य. म्हणजे नगाला चाळीस. सहा पुऱ्यांची प्लेट 240 आणि शेवटची शेव घातलेली सुकी पुरी धरून 280, म्हणजे मध्यम वडापावच्या अगदी जवळ. ‘नुसते पाणी तर आहे’ म्हणत दुसरी प्लेट मागवणाऱ्यांनी पुऱ्या मोजाव्यात. शेवपुरीला हा हिशोब लावू नये. तिथे शेवच वीस ग्रॅम पडली तर शंभराहून अधिक कॅलरी वेगळ्या होतात.

आकडा लिहिताना

एकच आकडा लिहू नये, पट्टा लिहावा. समजा, पावसाळी संध्याकाळी दोघांनी मिळून एक प्लेट कांदाभजी, प्रत्येकी एक मध्यम वडापाव आणि कटिंग चहा घेतला. प्लेट दीडशे ग्रॅमची, म्हणजे वाट्याला पंचाहत्तर ग्रॅम भजी, 270 ते 300. वडापाव 280 ते 330. साखरेचा कटिंग 50 ते 60. एकूण 600 ते 690. वजनाचा आणि तेलाचा अंदाज कितीही मुरला तरी पंधरा-वीस टक्क्यांची चूक राहतेच, म्हणून वहीत ‘637’ असा आकडा लिहिणे ही अचूकतेची नुसती ऐट आहे. ज्या दिवशी भजीचा ढीग परातीत दिसला, चुरा मागून घेतला किंवा वडा तीन बोटांच्या बाहेर गेला, त्या दिवशी पट्ट्याचा वरचा आकडा लिहावा, एरवी मधला.