पगाराचे तास आणि हजेरीचे तास जुळत नसतील तर

महिन्याची बेरीज पगारपत्रकाशी जुळत नसेल, तर बेरजांकडे पाहत बसू नये. एका कामगाराची रोजची तफावत काढावी, कारण चूक कुठे आहे ते त्या तफावतीच्या आकड्यावरूनच बहुधा कळते.

1. हजेरी यंत्राची मूळ फाईल तशीच जपून तिच्या प्रतीवर काम करावे.
2. येण्याची वेळ B आणि जाण्याची वेळ C स्तंभात ठेवून रोजचे तास दशांशात काढावेत. रात्रपाळीत तारीख बदलली तरी हे सूत्र चालते:

```
=MOD(C2-B2,1)*24
```

3. हा स्तंभ सामान्य संख्येच्या स्वरूपात ठेवून शेजारी पगारात धरलेले तास लिहावेत आणि वजाबाकी करावी.

आमच्याकडे एका कामगाराचे 26 दिवसांचे 221 तास भरत होते, पगार मात्र 215.8 तासांचा निघाला होता. रोजची तफावत पाहिली तेव्हा ती प्रत्येक ओळीत नेमकी 0.20 आली. नऊ ते साडेपाच म्हणजे 8 तास 30 मिनिटे, पण पगारपत्रकात ते 8.5 ऐवजी 8.30 असे चढले होते, आणि त्यामुळे रोजची बारा मिनिटे त्या माणसाच्या कष्टातून वजा होत होती. तफावत एखाद्याच दिवशी आणि मोठी असेल, तर बहुधा पंच राहिलेला असतो.

जाण्याचा पंच नसलेल्या ओळी मात्र आधीच बाजूला काढाव्यात, कारण रात्री 10 ला आलेल्या माणसाचा C रिकामा असेल तर वरचे सूत्र चूक न दाखवता 2 तास देते.