बॅटरी बँकेचा हिशोब करताना या चुका टाळा

नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यातल्या घराला सोलर लावलं तेव्हा दुकानदाराने दोन बॅटऱ्या दिल्या, १२ व्होल्ट, १५० एएचच्या, ट्युब्युलर लेड-ॲसिड. ‘साडेतीन युनिट साठतात, तुमचा वापर दोनच्या आत. ढगाळ असलं तरी दोन दिवस निघतील.’ श्रावणातल्या पहिल्याच झडीत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळही निघाली नाही.

वापराचा आकडा बरोबर होता. दोन पंखे (७५ वॅट) आठ तास, म्हणजे १,२०० वॅट-तास. पाच बल्ब (९ वॅट) पाच तास, २२५. टीव्ही २४०, राउटर चोवीस तासांचे २४०. एकूण १,९०५, म्हणजे १.९ युनिट.

पहिली चूक इन्व्हर्टरची. तो स्वतःच साधारण १५ टक्के खातो, म्हणून १.९ ला ०.८५ ने भागायचं. बॅटरीतून रोज २.२४ युनिट जातात.

दुसरी चूक महागात पडते. १५० एएच लिहिलंय म्हणून तेवढं वापरायचं नसतं. लेड-ॲसिड रोज निम्म्याच्या खाली गेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. तेव्हा ५० टक्केच धरायचे, आणि इथे लोक ०.५ ने भागायच्या ऐवजी गुणतात. गुणलं की बँक लहान निघते आणि स्वस्त वाटते!

```
2.24 × 2 दिवस ÷ 0.5 = 8.96 युनिट
8960 ÷ 24 व्होल्ट = 373 एएच
```

दोन-दोन बॅटऱ्यांची एक सिरीज केली की २४ व्होल्ट, १५० एएच मिळतात. ३७३ साठी अडीच सिरीज, म्हणजे तीन. बॅटऱ्या सहा हव्या होत्या, आम्ही घेतल्या दोन. त्या दोनमध्ये वापरता येण्याजोगे १.८ युनिट, एक अख्खा दिवसही नाही.

‘इन्व्हर्टर बंद पडतोच की, मग जास्त उतरेल कशी?’ असं माझा भाऊ म्हणायचा. पण बरेच साधे इन्व्हर्टर दर बॅटरीमागे साडेदहा व्होल्टच्या आसपास बंद होतात, आणि तोवर ५० टक्क्यांची रेघ कधीच मागे पडलेली असते. तपासायचं तर लोड आणि चार्जिंग बंद करून दोन-तीन तास थांबा, मग मीटर लावा. साधारण १२.१ म्हणजे निम्मी. लोड चालू असताना घेतलेला आकडा फसवतो.

शहरात, गंगापूर रोडसारख्या ठिकाणी, लाइट जाते ती काही तासांसाठी. तिथे दोन दिवस धरणं म्हणजे पैसे सडवणं. अर्धा दिवस धरा: १.१२ ÷ ०.५ = २.२४ युनिट, १०० एएचच्या दोन बॅटऱ्या पुरतात. मळ्यासाठी लिथियम घेतली आणि ८० टक्के उतरू दिली, तर ८.९६ ऐवजी ५.६ युनिटची बँक चालते.

आणि जुन्या दोन बॅटऱ्यांना नव्या चार जोडून सहा करू नका. आम्ही तेही करून पाहिलं. जुन्या लवकर उतरायच्या आणि नव्यांनाही ओढायच्या.