‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवावे’: विनंतीचा हुकूम होऊ नये म्हणून या चुका टाळा

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना निरोप धाडला होता: ‘सर, कालच्या बैठकीचं टिपण पाठवा प्लीज.’ टिपण आलं, पण सोबत एक ओळही होती: ‘पाठवलं आहे, साहेब.’ त्यातला ‘साहेब’ मला दिवसभर टोचत राहिला. मी तर ‘पाठव’ नाही, ‘पाठवा’ लिहिलं होतं, वर ‘प्लीज’ही जोडलं होतं. मग चुकलं कुठे?

‘पाठवा’ या रूपात आदर असतो, विनंती नसते. ‘पाठव’चं ‘पाठवा’ केल्याने समोरचा ‘तू’चा ‘तुम्ही’ झाला, एवढंच. आज्ञा आज्ञाच राहिली. ‘प्लीज’ किंवा ‘कृपया’ लावल्याने तिची धार थोडी बोथट होते, पण क्रियापद जे सांगतं ते पुसलं जात नाही.

काम आपलं असेल तर मराठी माणूस सहसा प्रश्न विचारतो. ‘टिपण पाठवता का?’ म्हणजे हाताशी असेल तर आत्ताच द्या. ‘टिपण पाठवाल का?’ म्हणजे सवडीने द्या, नाही म्हणायलाही जागा आहे. ज्येष्ठांना हे दुसरं रूप बरं. मित्राला ‘पाठवतोस का’, ‘पाठवशील का’. मात्र ‘पाठवणार आहात का?’ असं विचारू नका. प्रश्न तोही आहे, पण त्यात ‘की आम्ही वाटच बघत बसायचं?’ हे न बोलता ऐकू येतं. आणि ‘पाठवू शकता का?’ हे हल्ली सगळीकडे दिसतं, तरी ते क्षमतेबद्दल विचारतं. जमेल की नाही हीच खरी शंका असेल, तिथेच ते शोभतं.

पण म्हणून प्रत्येक आज्ञार्थाला ‘का’ लावत सुटलात तर उलटी फजिती. दारात आलेल्या पाहुण्याला ‘आत याल का?’ विचारलं तर तो बिचारा उंबऱ्यावरच घुटमळेल. तिथे ‘या, बसा’ हेच हवं. सोय ऐकणाऱ्याची असेल तर साधा आज्ञार्थ आग्रहाचा वाटतो, सोय बोलणाऱ्याची असेल तर हुकमाचा. ‘ना’ मात्र दोन्हीकडे चालतो: ‘बसा ना’, ‘पाठवा ना’. फक्त त्यात लाडीगोडी असते, म्हणून ओळख जुनी हवी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘-आवे’च्या रूपांचा. ‘करावे’ हे ‘करा’पेक्षा नेहमीच अदबशीर, असा समज आहे. तो अर्धाच खरा. ‘अवश्य यावे’ हे आमंत्रण झालं, पण ‘अहवाल उद्यापर्यंत सादर करावा’ हे वरून खाली आलेलं फर्मान आहे. वरच्याला लिहिताना ‘दोन दिवसांची रजा मंजूर करावी’ इथेच पूर्णविराम दिलात तर कारकुनाने साहेबाला आदेश काढल्यासारखं होतं. पुढे ‘ही विनंती’ आलं की तेच वाक्य अर्जाचं होतं. अदब त्या शेपटात आहे. आणि मित्राला ‘आपण वेळेवर यावे’ लिहिलंत तर तो टोमणाच समजेल.

याच रूपांत व्याकरणाचीही एक खोच आहे. ‘करा’ कर्माकडे बघत नाही, ‘करावे’ बघतं. अर्ज करावा, माहिती भरावी, नाव लिहावे, प्रती जोडाव्यात, कागदपत्रे जोडावीत. म्हणून ‘माहिती द्यावे’ किंवा ‘कागदपत्रे जोडावे’ हे सूचनाफलकावर कितीही दिसलं तरी प्रमाण लेखनात चूक. कर्माला ‘ला’ लागला की ही जुळवाजुळव थांबते: ‘मुलीला पाठवावे’, ‘पाठवावी’ नाही.

नकारात रूपांची गल्लत होते. ‘तू’ला ‘करू नकोस’ (बोलण्यात ‘करू नको’ही), ‘तुम्ही’ला ‘करू नका’, फलकावर ‘करू नये’. ‘तुम्ही काळजी करू नको’ यात ‘तुम्ही’ एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे.

आता माझा निरोप पुन्हा लिहायचा तर: ‘सर, कालच्या बैठकीचं टिपण सवडीने पाठवाल का?’ औपचारिक पत्रात: ‘कालच्या बैठकीचे टिपण पाठवावे, ही विनंती.’ शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला: ‘अगं, टिपण पाठव ना.’ आणि हो, या लेखाच्या मथळ्यात ‘टाळा’ आहे, ‘टाळाल का?’ नाही. सोय तुमची आहे.