दिवाळीची सोडत: आधी यादी गोठवा, मग बाकीचं

मंडळी,

यंदाची दिवाळीची सोडतही सीडवरच, म्हणजे स्क्रिप्टला सुरुवातीला दिलेल्या आकड्यावरच, काढायची आहे. सीड, स्क्रिप्ट आणि यादी तिन्ही सगळ्यांसमोर असतील आणि ज्याला वाटेल त्याने आपल्या लॅपटॉपवर सोडत पुन्हा चालवून पाहावी. तयारी यंदा तुमच्यापैकी तिघं करणार आहात, म्हणून सगळं लिहून देतो. मागच्या वर्षी हेच काम माझ्या हातून बिघडलं होतं.

झालं असं की सीड मी दुपारी ग्रुपवर टाकला. तासाभराने कळलं, एका नवीन मुलीचं नाव यादीत राहिलंय. तिचा हक्कच होता, मी नाव घातलं. यादी आडनावाप्रमाणे लावलेली, त्यामुळे ते नाव मधेच जाऊन बसलं. संध्याकाळी सोडत निघाली आणि दहा मिनिटांत एक जण लॅपटॉप उघडा धरूनच आला, "सर, माह्या लॅपटॉपवर दुसरंच नाव येऊन राहिलं." त्याच्याकडे सकाळची फाइल होती. सीड तोच, स्क्रिप्ट तीच, नाव वेगळं. मी प्रामाणिक होतो हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ज्या ताईंना मिक्सर लागला होता त्यांनी तो खोक्यासकट माझ्या टेबलावर आणून ठेवला. ते मला अजून लागून आहे.

तर पहिलं काम यादी. सोमवारी संध्याकाळी पाचला यादी बंद. नावं नकोत, फक्त एम्प्लॉयी कोड, एका ओळीत एक, कोडच्या चढत्या क्रमाने, `yadi.txt` नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. वर शीर्षकाची ओळ ठेवू नका, नाहीतर तीही एक माणूस म्हणून मोजली जाते आणि सगळे एकेक घर सरकतात. फाइल ग्रुपवर टाका आणि प्रत्येकाला आपला कोड शोधायला सांगा. हरकतींना बुधवार दुपारपर्यंत वेळ. रजेवर असलेल्यांना फोन करा.

बुधवारी पाचला यादी गोठवायची. गोठवायची म्हणजे फाइलचा हॅश काढून ग्रुपवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे पाठवायचा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
certutil -hashfile yadi.txt SHA256
```

६४ अक्षरांची एक ओळ येते. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ती ओळ पार बदलते. एक सावधगिरी घ्या: हॅश काढल्यावर ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. कोड तेच राहूनही ओळी संपवण्याची पद्धत बदलू शकते, मग हॅश जुळत नाही आणि विनाकारण संशय येतो.

हॅश गेल्यावर यादीला हात लावायचा नाही. कोणाचं नाव राहिलं असेल तरी नाही. साहेबांचा फोन आला तरी नाही. राहिलेल्याला वेगळी भेट देऊ, पैसे मी देईन, पण यादी उघडायची नाही.

एका नावाने एवढं काय होतं, असं वाटत असेल तर हे करून पाहा. स्क्रिप्ट एवढीच आहे:

```python
import random
yadi = open("yadi.txt").read().split()
random.seed(42)
for i in random.sample(range(len(yadi)), 6):
    print(i + 1, yadi[i])
```

यादीत ९६ कोड असतील तर सरावाच्या ४२ या सीडला ओळी येतात ८२, १५, ४, ९५, ३६, ३२. पहिले तीन विजेते, पुढचे तीन राखीव. आता दहाव्या ओळीवर एक कोड मधेच घाला, म्हणजे यादी ९७ ची. पुन्हा चालवा. ओळींचे आकडे तेच येतात, ८२, १५, ४. पण ८२ व्या ओळीवर आता आधी ८१ वर असलेला माणूस आहे आणि १५ वर आधीचा १४ वा. तीनपैकी दोन बक्षिसं दुसऱ्याच्या घरी गेली, फक्त चौथ्या ओळीवरचा वाचला, कारण तो दहाव्या ओळीच्या वर होता. माझ्याकडून नेमकं हेच झालं होतं. सीड फक्त ओळीचा नंबर देतो, त्या ओळीवर कोण बसलंय हे यादीच ठरवते.

हे ४२ चे सहा आकडे आणि त्यांच्यापुढचे कोड सगळ्यांकडून आधीच काढून घ्या. कोणाचे वेगळे आले तर त्याची फाइल किंवा पायथन वेगळं आहे, ते मंगळवारीच कळू द्या. आणि सीड अवतरणचिन्हांत लिहू नका. `42` आणि `"42"` हे पायथनसाठी दोन वेगळे सीड आहेत.

आता खरा सीड. तो आपल्यापैकी कोणीही निवडायचा नाही, मीही नाही. मागच्या वर्षी मी मनाने आकडा निवडला होता, तेही चुकलंच. ९६ नावं असतील तर एकामागून एक सीड टाकून पाहणाऱ्याला सरासरी ९६ प्रयत्नांत हवं ते नाव पहिलं मिळतं, आणि संगणकाला ते क्षणाचं काम आहे. मग तो सीड "जाहीर" करून काय उपयोग? म्हणून सीड असा हवा की यादी गोठवताना तो जगात कोणालाच माहीत नसेल. आपण गुरुवारचा निफ्टी ५० चा बंद भाव घेतोय, दोन दशांशांसह, स्वल्पविराम आणि बिंदू काढून. समजा भाव २५,११४.८५ असेल तर सीड २५११४८५. शेवटी शून्य असलं तर तेही धरायचं. आकडा एनएसईच्या साइटवरचाच. साडेतीनला टीव्हीवर दिसणारा आकडा घेऊ नका, शेवटी जाहीर होणारा बंद भाव त्याहून वेगळा असू शकतो. गुरुवारी बाजाराला सुट्टी नाही ना हे आजच बघा, आणि असलीच तर त्याआधीच्या नव्हे, पुढच्या व्यवहाराच्या दिवसाचा भाव, हेही आजच लिहून टाका. हा नियम यादीच्या हॅशबरोबर एकाच मेसेजमध्ये जाऊ द्या, म्हणजे दोन्हींची वेळ एकच दिसेल.

पुन्हा सांगतो, क्रम उलटा करू नका. आधी यादीचा हॅश, मग सीड. सीड कळल्यावर यादी बदलता आली तर बाजाराचा आकडा वापरूनही काही उपयोग नाही, कारण एखादी ओळ वरखाली केली की हवं ते नाव पुढे आणता येतं.

राखीव कशाला, तर कोणी दरम्यान नोकरी सोडली असेल तर चौथ्याला बक्षीस. हजर नसलेल्याचं बक्षीस मात्र जात नाही. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवून नवं नाव काढायचं नाही.

गुरुवारी: प्रोजेक्टर. आधी हॅश सगळ्यांसमोर पुन्हा काढून बुधवारच्या मेसेजशी ताडून बघा, मगच सीड टाका. स्क्रिप्ट मी नाही, गर्दीतल्या कोणीतरी आपल्या लॅपटॉपवर चालवावी. बक्षिसं, हार, संत्रा बर्फी, चहा हे तुम्हाला सांगायला नको.

फाइल आठवडाभर फोल्डरमध्ये तशीच राहू द्या. शुक्रवारी मी घरून काम करतोय, फोन करा. आणि बुधवारी पाचला हॅश आला नाही तर मी स्वतः येऊन बसेन.