वॉल्व्ह हंटिंग करतोय, पण फक्त मोठ्या धक्क्याला

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात माझा पहिला गळीत हंगाम होता. एक्झॉस्ट स्टीमच्या हेडरचं प्रेशर 1.5 किलोवर धरायचं, आणि टर्बाइनकडून वाफ कमी पडली की पीआरडीएसचा, म्हणजे बॉयलरची वाफ प्रेशर आणि तापमान उतरवून देणाऱ्या यंत्रणेचा, वॉल्व्ह उघडून भर घालायची, एवढंच त्या लूपचं काम. प्रेशर जरा खाली गेलं की बॉयलिंग हाउसमधून फोन यायचे, म्हणून मी गेन वाढवत नेला. छोट्या बदलांना लूप सुरेख चालायचा. पण मिल थांबली की प्रेशर 12 सेकंदांच्या झोक्यानं खालीवर व्हायला लागायचं आणि काही केल्या थांबायचं नाही.

पहिला संशय ट्यूनिंगवर गेला, दुसरा वॉल्व्ह चिकटतोय यावर. दोन्ही अर्धवट होते. ट्यूनिंग मुळात वाईट असतं, तर लूप छोट्या धक्क्यालाही डोलला असता. चिकटणारा वॉल्व्ह छोट्या हालचालीतच जास्त छळतो: आउटपुट सरकत राहतं, वॉल्व्ह जागचा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. आमचं दुखणं बरोबर उलटं होतं. धक्का मोठा असेल तरच डोलणं, ही खूण लक्षात ठेवा.

आमचे जुने फिटर आण्णा वॉल्व्हपाशी उभे राहून म्हणाले, "सायेब, ह्यो पळतोय की. पण एकाच चालीनं पळतोय." दोन ट्रॉल्या उसानं भरलेला ट्रॅक्टर आठवा, मागून कितीही हॉर्न मारा, त्याची चाल तीच.

ते खरं की काय हे बघायला कंट्रोलरचं आउटपुट आणि पोझिशन फीडबॅक एकाच ट्रेंडवर लावले. डीसीएसमध्ये ट्रेंड 5 सेकंदांनी नोंदला जात होता. 12 सेकंदांच्या झोक्याचा आकार त्यात दिसणारच नाही, म्हणून अर्ध्या सेकंदावर आणला. मग चित्र स्वच्छ दिसलं: आउटपुट गोलसर लाटेसारखं, फीडबॅक मात्र सरळ रेघांचा त्रिकोण. चढतानाचा आणि उतरतानाचा वेग ठरलेला, सेकंदाला साधारण 3.3 टक्के. म्हणजे पूर्ण उघडायला 30 सेकंद.

आता हिशोब. आउटपुट मध्यापासून 15 टक्के वर-खाली होत होतं. 12 सेकंदांच्या लाटेत त्याचा सर्वात जास्त वेग 15 × 2π/12, म्हणजे सेकंदाला 7.9 टक्के. वॉल्व्हकडे त्याच्या निम्माही वेग नाही. पाव झोक्यात, म्हणजे 3 सेकंदांत, तो 10 टक्केच सरकतो. शिवाय आउटपुट वळलं तरी तो लगेच वळत नाही. खाली येणारं आउटपुट त्याला गाठेपर्यंत तो जुन्याच दिशेनं जात राहतो. त्रिकोणाचं टोक त्यामुळे मागे पडतं, आणि हा जादा फेज लॅग असा निघतो:

```
φ = arccos(10/15) ≈ 48°
```

12 सेकंदांत 48 अंश म्हणजे 1.6 सेकंद उशीर. फेज मार्जिन म्हणजे डोलायला लागण्याआधी लूपला सोसणारा जादा लॅग, आणि गेन वाढवून मी ते आधीच खाल्लं होतं. उरलेलं ह्या उशिरानं संपवलं. आउटपुट 3-4 टक्केच हललं तर वेग मर्यादेच्या आत राहतो आणि हा लॅग उगवतच नाही. म्हणूनच कागदावरचं रेषीय गणित लूपला स्थिर म्हणत होतं. (1993 साली स्टॉकहोमला ग्रिपेन हे लढाऊ विमान कोसळलं, त्यातही कंट्रोल सरफेसची हीच वेगमर्यादा होती.)

खात्री करायची सोपी चाचणी आहे. शिफ्ट इनचार्जना विचारून, मिल बंद असताना आणि वॉल्व्हच्या पुढची वाफ अडवून, लूप मॅन्युअलला घ्या. आधी 5 टक्क्यांची पायरी द्या, मग 25 ची. आम्हाला जवळपास दीड आणि साडेसात सेकंद लागले. वेळ पायरीच्या प्रमाणात वाढला की वेगमर्यादा. नुसता आळशी, फर्स्ट ऑर्डरचा वॉल्व्ह असता, तर दोन्ही पायऱ्यांना सारखाच वेळ लागला असता.

कारण मात्र शोधावं लागतं. वॉल्व्हला हवा देऊन जागेवर नेणाऱ्या पोझिशनरमध्ये कुणी स्ट्रोकचा वेळ मुद्दाम वाढवून ठेवलाय का, ते आधी बघा. मग मोठ्या पायरीच्या वेळी एअर सप्लायच्या गेजवर डोळा ठेवा. काटा पडत असेल तर फिल्टर रेग्युलेटर तुंबलेला. आमचा काटा हलला नाही. डायफ्राम मोठा आणि पोझिशनर छोटा, हवाच पुरेशी जात नव्हती.

तोवर गेन निम्मा केला आणि फोन सहन केले. इंटिग्रललाही खरी पोझिशन कळवली, म्हणजे वॉल्व्ह मागे असताना ते आपलं फुगत बसणार नाही. डीसीएसमध्ये आउटपुटचाच वेग बांधणं हा उपाय नव्हे. उशीर तसाच राहतो, फक्त फीडबॅक आणि आउटपुट जुळलेले दिसतात आणि पुढच्या माणसाला आजार सापडत नाही.

क्लीनिंगच्या दिवशी वॉल्व्हला जास्त हवा देणारा व्हॉल्यूम बूस्टर बसवला. स्ट्रोक 8 सेकंदांवर आला, म्हणजे सेकंदाला 12.5 टक्के, लागणाऱ्या 7.9 पेक्षा बराच वर. सुरू करताच वॉल्व्ह थरथरायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. आण्णांनी बूस्टरचा बायपास स्क्रू अर्धा आटा उघडला, थरथर गेली. त्या रात्री मिल दोनदा थांबली. दोन्ही वेळा प्रेशर एकदाच खाली जाऊन परत जागेवर आलं.