हँडरब दारातून पलंगाशी आणला तेव्हा

पुण्यातल्या आमच्या आयसीयूत हात स्वच्छ करण्याच्या २०० संधी पाहिल्या. त्यांतल्या ९२ वेळाच, म्हणजे ४६ टक्के, हँडरबने, म्हणजे हातावर चोळायच्या जंतुनाशकाने, हात चोळले गेले. रुग्णाला हात लावल्यानंतर बहुतेक जण चोळत, लावण्याआधी मात्र राहून जाई. आपला जीव आधी, माणूसच तो! हँडरब दाराशी होता. आम्ही प्रत्येक पलंगाच्या कठड्याला बाटली अडकवली आणि ती भरायचं काम एका मावशींकडे दिलं. दोन महिन्यांनी २०० पैकी १४८, ७४ टक्के. पण कोणी बघतंय म्हटलं की सगळेच हात चोळतात, म्हणून हँडरबचा खपही मोजला: एक रुग्ण एक दिवस राहिला की एक रुग्ण-दिवस, अशा दर हजार रुग्ण-दिवसांमागे ४० लिटरवरून ६६ लिटर. रात्रपाळी अजून मागे आहे; ग्लोव्ह्ज घातले की हात चोळायला नको, असं तिथे अजूनही धरलं जातं.